गुणवंतरावांचे केस

चांद्यात जटपुरा गेटाजवळच्या फोटो-दुकानात लटारू रंगारी आतल्या खोलीत बसे. फोटो मालक काढत, पण लोकांचं रूप लटारू दुरुस्त करी. कोणाचं तिरळेपण, कोणाचा मस, कोणाच्या विधवा आत्याचे सुजलेले डोळे. सारं गाव त्याच्या ब्रशाखालून गेलेलं, त्यामुळे सगळ्यांची खरी तोंडं एकट्या त्यालाच ठाऊक. बिचाऱ्याच्या पोटात गोष्ट राहत नसे, हीच त्याची दुबळी बाजू.

त्याची मुलगी प्रेमिला बावीस वर्षांची. लहानपणी देवी आल्या, गालांवर वण ठेवून गेल्या. पोरगी कामाला वाघीण, पण बघायला आलेले लोक चहा पिऊन जात आणि निरोप धाडत, "पोराचं अजून मन नाई." शेवटी लटारूने तिचा फोटो काढून घेतला आणि निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने एकेक वण भरला. वणाची सावली निगेटिव्हवर काचेसारखी मोकळी असते. तिथे शिसं चढलं की छापात गाल उजळतो. छापून आला तेव्हा गुणाबाई, त्याची बायको, डोळे पुसत म्हणाली, "अजी, हे आपलीच का?"

त्याच महिन्यात अहेरीच्या लाकूड डेपोतल्या कारकुनाचा फोटो आला. नाव गुणवंतराव. स्वतः नाही आला, त्याच्या भावाने आणला. कपाळावरून केस मागे सरकलेले, मान जराशी कललेली, त्यामुळे टाळूवरचा विरळ भागही उघडा. भाऊ म्हणाला, "थोडंसंच करजा. लगीन जमवाचं आहे. कोणाले समजू नये."

लटारूने छापावरच काम केलं. काळ्या रंगात डिंकाचं पाणी अगदी थेंबभर, ब्रश जवळजवळ कोरडा. केस ज्या बाजूला वळतात त्या बाजूलाच एकेक रेघ, कुठे आखूड, कुठे लांब, मधे मधे कातडी दिसू दिलेली. कपाळाच्या कडेला सरळ रेघ ओढली तर टोप घातल्यासारखं दिसतं. म्हणून तिथे चारदोन केस सुटे सोडले. दुकानाबाहेर नेऊन तिरप्या उन्हात धरला, रंग चमकला नाही. भावाला बजावलं, "ओला हात लावू नका. पाण्याने धुपते." मग घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, फक्त नाव सांगितलं नाही. तेवढा नेम त्याने पाळला.

दीड महिन्याने भैयाजी, सोयरिका जमवणारा, घरी आला. प्रेमिलाचा फोटो त्याच्याकडेच दिलेला होता. खिशातून कागदात गुंडाळलेला फोटो काढून त्याने चटईवर ठेवला.

"लटारूभाऊ, पोरीचा फोटो पसंत पडला. आता पोराले पाहा. अहेरीत नोकरी, घरी धान. अन् केस पाहा, असे केस चांद्यात कोणाचे आहेत?"

प्रेमिला दाराआडून पाहत होती. तिच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलेलं गुणाबाईने पाहिलं.

लटारूही हसू लागला. आधी हळू, मग पोट धरून. "केस? हे केस मी दिले त्याले, भैयाजी."

"काहाले खोटं बोलता?"

लटारूने अंगठा जिभेला लावला आणि फोटोच्या कपाळावर घासला. काळपट ओघळ उतरला, खाली उजळ टाळू. "पाहा. इथी काहीच नाई."

खरेपणा होता का त्यात? जरासा. बाकी सगळी आपल्या हाताची बढाई होती.

भैयाजीने फोटो पुन्हा कागदात गुंडाळला. मग म्हणाला, "असं आहे का. मंग तुमच्या पोरीचा फोटो कोणी काढला? तेच दुकान ना? आना, तो भी पुसून पाहू."

कोणी आणला नाही. पुसून काही निघालंही नसतं. ते शिसं निगेटिव्हमध्ये होतं. पण दाराशी उभ्या प्रेमिलाचे गाल पाहून भैयाजी वणांची गोष्ट अहेरीपर्यंत घेऊन गेला, आणि तिथून निरोप आला की फसवणूक करणाऱ्या घरात सोयरीक नाई.

त्या रात्री प्रेमिलाने ताट वाढलं.

"बाबा, टक्कल मले चाललं असतं. मले विचारलं होतं का तुमी?"

लटारू जेवला.

दिवाळीच्या सुमारास गुणवंतरावांचा भाऊ पुन्हा दुकानात आला. नवा छाप हवा होता, वरोऱ्याच्या मुलीकडे दाखवायला. "या बारीस पुसून जाऊ नये असं करा." या वेळी त्याने निगेटिव्हही आणली होती, ती मालकांनी आत धाडली. लटारूने पात्याच्या धारेने तिच्यावरची टाळूची दाट काळी जागा रेघारेघांनी अलगद खरवडली. जिथे थर पातळ होतो, तिथे छापात काळं उमटतं. आता कोणताही अंगठा ते केस काढू शकणार नव्हता.

प्रेमिला डबा घेऊन आली तेव्हा छाप दोरीवर वाळत होता. तिने डबा ठेवला आणि तो नीट पाहिला.

"केस चांगले आले, बाबा," ती म्हणाली, आणि कालचा रिकामा डबा उचलून निघाली.