सर्वाधिक पावसाची कमान

कोलकात्याला बदली झाली तेव्हा पुण्यातल्या नातेवाइकांनी मला छत्री न्यायची का, हे विचारायला फोन सुरू केले. मला उद्याच्या पावसातलं ओ की ठो कळत नाही. हवामान कार्यालयात माझ्याकडे पडून गेलेला पाऊस. ठिकठिकाणचे आकडे यायचे, ते खरे की थापा हे मी बघायचं.

एका पावसाळ्यानंतर पर्यटनवाल्यांचं पत्र आलं. उत्तर बंगालमध्ये डोंगराच्या पायथ्याशी दोन गावं आहेत, एक जरा वर, एक खाली. दोन्ही म्हणत होती, राज्यात सर्वाधिक पाऊस आमचाच. पर्यटनाच्या नकाशावर मान एकालाच मिळणार होता, आणि कोणाला ते आम्ही सांगायचं. सर्वाधिक म्हणजे एका दिवसाचा, महिन्याचा की वर्षाचा, हे पत्रात नव्हतंच.

दोन्ही नगरपालिकांचे चेअरमन एकाच दिवशी माझ्यासमोर येऊन बसले. नळावरच्या भांडणात बायकांचाच आवाज चढतो असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी माझ्या खोलीत यायला हवं होतं.

वरच्या गावाची भिस्त एका दिवसावर होती. तिथे दुपारी सुरू झालेला पाऊस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोसळत होता. पण आमचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि तिथूनच पुढचा सुरू होतो. त्यांचा पाऊस दोन तारखांत वाटला गेला आणि दोन्हींत थिटा पडला.

"मॅडम, पावसाला घड्याळ कळतं का?" वरचे चेअरमन म्हणाले.

"पावसाला नाही कळत दादा, म्हणून आम्हाला ठेवलंय," मी म्हटलं.

मग त्यांनी वर्षाची सरासरी काढली. त्यांचे जुने आकडे चहाच्या मळ्यातल्या बंगल्याच्या गच्चीवरचे. गच्चीवर वारा थेंब उडवून नेतो, तिथलं माप आम्ही धरत नाही. जमिनीवरचा नियमातला पर्जन्यमापक बसून त्यांना जेमतेम काही वर्षं झाली होती. शेवटी पर्यटनवाल्यांनी तीस वर्षांची सरासरी धरायचं ठरवलं. खालच्या गावाच्या नगरपालिकेचा पर्जन्यमापक मात्र तीस वर्षं एकाच जागी, उघड्या मैदानात उभा होता. एक दिवस चुकलेला नाही. अशी सलग नोंद बघितली की मला खरंच गहिवरून येतं, घरचे हसतात तरी. खालचं गाव जिंकलं. वरचे दादा चहा न पिताच गेले.

पुढच्या जूनमध्ये खालच्या चेअरमननी फोटो पाठवला. मैदानालगतच्या रस्त्यावर दुमजली घराएवढी सिमेंटची कमान, तिच्यावर 'सर्वाधिक पावसाचं गाव', खाली हारात बुडालेले मंत्री आणि चेअरमन. आणि कमानीच्या पायाशी, पाहुण्यांना दिसावा म्हणून मुद्दाम रंगवलेल्या कठड्यात, तोच पर्जन्यमापक. पर्यटकांना माप दाखवायचं म्हणून कमान नेमकी तिथेच बांधली होती. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

मी लगेच फोन केला. "दादा, आडोसा मापापासून स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब हवा. तुमची कमान मापाच्या डोक्यावर बसलीय. वाऱ्याचा पाऊस ती अडवणार. आता तिथला आकडा जुन्या आकड्यांना जोडता येणार नाही."

"म्हणजे आमचा पाऊस पाऊस नाही?"

"पाऊस आहे. माप नाही."

त्या वर्षी तिथे बदाबदा कोसळला. चेअरमनचा फोन आला, गावाचा आजवरचा विक्रम झाला, जाहीर करा. मला करता येईना. कमान पाडा, म्हटलं. मंत्र्यांच्या हातची कमान कोण पाडणार! मग पर्जन्यमापक मोकळ्या जागी न्या. काही काळ दोन्हींकडे मोजू, फरक कळेल, तीस वर्षं वाचतील. मी फोनवरच हातापाया पडले. ते म्हणाले, बघतो.

त्यांनी बघितलं. पुढच्या महिन्यात त्यांचा आकडाच आला नाही. मी फोन लावला. मागे पर्यटकांचा गलका चालू होता, फोटोसाठी रांग लागली होती म्हणे.

"तो डबा काढून टाकला मॅडम," ते अगदी प्रेमाने म्हणाले. "फोटोत मधे यायचा."

"अहो, मग पाऊस मोजणार कसा?"

"आता मोजायचा कशाला? जिंकलोय ना आपण."