मनकर्णाची आई आणि फ्रेममधली बाई

नवी पेठेत बसवराज अण्णांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे कीर्ती तेरा वर्षं संगणकावर काम करते. बहुतेक काम वारलेल्या माणसांचं. घरचे लग्नाच्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा आणतात आणि कीर्ती तो तयार साडीतल्या बाईच्या धडावर बसवते. हल्ली हे चेहरा बसवायचं काम प्रोग्रॅम करतो, पण बसवलेला चेहरा लहान आणि पुसट निघतो. मग दुसरा प्रोग्रॅम तो रेखीव करून वाढवतो. जे मुळात दिसतच नाही, ते तो शिकलेल्या हजारो परक्या चेहऱ्यांवरून अंदाजाने भरतो. भिंतीवरच्या साऱ्या मेलेल्यांचे दात सारखेच. कीर्ती त्या भिंतीकडे पाठ करून बसायची.

माढ्याहून मनकर्णा आईची तयार फ्रेम न्यायला आली. दुसऱ्या दिवशी आईच्या पुण्यानुमोदनाचा, स्मरणाचा कार्यक्रम होता आणि आईचा फोटो, तिने आधी दिलेला, तेवढा एकच. तिने फ्रेम हातात घेऊन जवळून पाहिली.

"ताई, ही कोण?"

"तुमची आई."

"न्हाय वो. आईचा डावा डोळा बारीक होता. कपाळावर गोंदण होतं. ही तर साबणाच्या जाहिरातीतली बाई हाय."

अण्णा हसले. "अहो, म्हातारी चांगली दिसतीय की! लोक पैसे देऊन असं करून घेतात."

"माजी आई हिच्यापेक्षा चांगली होती," मनकर्णा म्हणाली.

कीर्तीला स्वतःचीच किळस आली. चूक तिला लगेच कळली. पहिल्यांदा साडीचा रंग तिला स्वतःलाच आवडला नाही, म्हणून तिने दुसरं धड घेतलं होतं. तेव्हा मूळ फोटो पुसट म्हणून पहिल्या फ्रेममधला रेखीव केलेला चेहराच पुन्हा बसवला आणि पुन्हा रेखीव केला. चेहरा जुळतो का, हेसुद्धा त्याच्याशीच ताडून पाहिलं. प्रोग्रॅमने दिलेला जुळण्याचा आकडा झकास आला. येणारच, खोट्याला खोट्याशी मोजलं होतं.

"थांबा तासभर," ती म्हणाली.

तिने मूळ फोटोपासून सुरुवात केली. रेखीवपणा अगदी थोडा ठेवला. डोळे आणि कपाळ मूळ फोटोतूनच घेतले, प्रोग्रॅमला तिथे हात लावू दिला नाही. मोठं केलं की पुसट होणार, म्हणून छोटीच प्रिंट काढली, पोस्टकार्डाएवढी.

"एवढीशी?" अण्णा कुरकुरले. "वरून धुरकट. दुकानाचं नाव घालवताय."

मनकर्णाने बारीक डोळ्यावर अंगठा फिरवला. "व्हय. ही हाय," म्हणाली आणि पदराच्या टोकात प्रिंट गुंडाळून निघाली.

तिची पाठ वळताच अण्णांनी मोठी फ्रेम पुसून दर्शनी काचेत ठेवली. "नमुना म्हणून राहू दे. गिऱ्हाईक भुलतं बघा हिला बघून."

कीर्तीने फ्रेम उचलली, मागचे खिळे उचकटले आणि आतला कागद चार ठिकाणी फाडला.

"अहो, अहो! चांगला कागद होता की!"

"मेलेल्या बाईला नमुना म्हणून मांडायचं?" ती म्हणाली आणि फाईल पुसायला संगणकाकडे वळली.