तारा लावलेली लिंक

दहिसरचे गुणाजीकाका रोज सकाळी चहाआधी मोबाइल उघडून आवडलेल्या मेसेजला तारा लावायचे. तारा लावला की ती गोष्ट जपली गेली, अशी त्यांची समजूत होती.

महिन्यापूर्वी त्यांच्या पत्नी जानकीकाकू एका बागप्रेमी मंडळाच्या वेबिनारमध्ये खिडकीतल्या अळूबद्दल बोलल्या. आयोजकांनी रेकॉर्डिंगची लिंक पाठवली, काकांनी लगेच तारा लावला. त्यानंतर आठवड्याभरात काकू अचानक गेल्या.

आज पुतणी रुचिरा घरी आली, तेव्हा काकांनी कौतुकाने तो मेसेज दाखवला. तिने खालची ओळ वाचली.

"काका, तारा नुसता मेसेजला लागतो. व्हिडिओ आयोजकांकडेच आहे, आणि लिंक आजच बंद होतेय!"

"म्हणजे वाट लागली गो! तिचा आवाज तेवढ्यातच आहे."

रुचिराने लिंक उघडून डाउनलोड दाबलं, तर फोनमध्ये जागाच नव्हती. सगळीकडे सुप्रभातची फुलं.

"ही उडवू?"

"उडव. फुलांचं काय, उद्या परत येतील."

तिने फुलं पुसली, फोनमधली कचरापेटीही रिकामी केली. हळूहळू फाइल उतरली. मग खात्रीसाठी तिने नेट बंद करून ती लावली.

काकूंनी अळूचं सगळं नीट सांगितलं. शेवटी माइक बंद करायचा विसरून त्या मागे वळल्या. "अहो, गॅस बंद केलात ना?"

काका फोनकडे बघत म्हणाले, "केलाय गो."