खिडकीकडचा गाल

वारलेल्या एका बाईला मी पुन्हा मारलं होतं, तेही माऊसच्या एका क्लिकने.

बिबवेवाडीतल्या आमच्या फोटो स्टुडिओत तेव्हा नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि तीन महिन्यांच्या क्लासवर मी स्वतःला मोठी तज्ज्ञ समजत होते. एक मुलगी आईचा शेवटचा फोटो घेऊन आली. वर्षश्राद्धाला तो भिंतीवर लावायचा होता. आई स्वयंपाकघरात बसलेली, एका गालावर पिवळ्या बल्बचा उजेड, दुसऱ्यावर खिडकीतून आलेला दिवसाचा. पांढऱ्या पदराचा बल्बखाली पिवळट दिसणारा भाग मी 'हा पांढरा' असं कॉम्प्युटरला दाखवायला निवडला आणि क्लिक केलं. पिवळेपणा गेला, पण सगळ्या फोटोवर निळी छटा चढली आणि खिडकीकडचा गाल निळाशार झाला. मला मात्र पांढराशुभ्र पदरच दिसत होता. प्रिंटही काढली.

मुलीने ती पाहिली आणि पालथी ठेवली. "काकू, हॉस्पिटलात ती शेवटी अशीच दिसत होती."

तो गाल अजूनही डोळे मिटले की समोर येतो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला शेजारी बसवून मी दोन्ही गाल वेगवेगळे दुरुस्त केले, नाकाजवळ रंग हळूहळू एकमेकांत मिसळले. तिचा वर्ण आईसारखाच, म्हणून तिचा हात खिडकीपाशी धरायला लावून रंग ताडून पाहिला. चेहरा एकसारखा झाला. मी शाबासकीची वाट बघत बसले.

तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "काकू, बल्बकडचा गाल थोडा पिवळा राहू द्या ना. ती रोज त्याच बल्बखाली पोळ्या लाटायची."