वाढलेला आकडा

थोरल्या भावाच्या पायाच्या जखमेतला संसर्ग रक्तात पसरला होता. लोणावळ्याच्या आयसीयूबाहेर बसून मी त्याच्या रक्तातल्या लॅक्टेटचे आकडे वहीत लिहीत होतो. सकाळी ३.१, दुपारी ४.८. डॉक्टर म्हणाले, “सलाईन, रक्तदाब टिकवायची औषधं चालू आहेत, तरी वाढतंय. अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाहीये. आकडा उतरायला हवा होता.”

संध्याकाळी ७.२ आला. तेवढ्यात पवनानगरहून चुलते आले.

“किती झालं आता?” त्यांनी वहीकडे बघत विचारलं.

“वाढलंय, आबा.”

“मग भ्यायचं न्हाई! नातीच्या डेंग्यूत प्लेटलेट वाढल्या अन् पोर उठून बसली.” त्यांनी पिशवीतून डबा काढला. “उठल्यावर भूक लागंल त्याला.”

चुकलेली बेरीज मी कुणाची सोडत नाही. तरी वही मिटून डबा घेतला.