आमच्या पत्त्यावर जुगाराचा फड

१० नोव्हेंबर २००८. गाद्या उन्हात टाकायचा दिवस. भातकापणी झाली होती, खळं सारवून वाळलं होतं, आणि डिसेंबरात पुण्याहून येणाऱ्या बारा बायकांसाठी तीन घरांतल्या गाद्यांचा वास घालवणं माझ्याकडे आलं होतं. पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या गादीला आमच्या किनाऱ्यावर जो वास येतो, तो 'अस्सल कोकण' म्हणून पाहुण्यांना विकता येत नाही.

चौथी गादी झोडपत असताना त्या बारा जणींच्या म्होरक्या बाईंचा फोन आला. या निवृत्त मुख्याध्यापिका. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहून गेल्या होत्या आणि सोलकढी तीन वेळा मागून घेतली होती.

"तुम्ही घरी काय चालवता?" त्यांनी विचारलं.

"न्याहारी, जेवण आणि राहायची सोय," मी म्हटलं.

"मग वेबसाइटवर पत्ते आणि फिरतं चक्र का दिसतंय? तिथे लिहिलंय, आत्ता खेळा. मी तुमचं पान त्या वेळी जपून ठेवलं होतं. तेच सगळ्यांना पाठवलं. एकीच्या यजमानांनी तिला विचारलं, तू समुद्र बघायला चालली आहेस की जुगार खेळायला?"

मी चौकशी करते म्हटलं. उद्या संध्याकाळपर्यंत खुलासा आला नाही, तर त्या सहल दिवेआगरला नेणार होत्या. बारा जणींसाठी तीन घरांनी आधीच तांदूळ, पोहे आणि नव्या चादरी भरल्या होत्या, शिवाय डिसेंबरातले दुसरे पाहुणे आम्ही त्यांच्यासाठी परत पाठवले होते.

आमच्या घरगुती निवासांचं मंडळ होतं, त्याला अध्यक्ष होते. मी त्यांना गाठलं. ते दारातच आंघोळीच्या पंच्यावर उभे होते, पण निर्णय घ्यायला त्यांना कपड्यांची गरज नसते.

"वैनी, ह्यां गोंयकारांचां काम," ते म्हणाले. "थंय जुगाराची जहाजां लागली आसत. आपली वेबसाइट बळकावल्यानी."

"तुमका कोणी सांगल्यान?"

"सांगूक कित्याक होया? समजता. गोंयच्या हद्दीर इन्सुलीच्या नाक्यार जावन निषेध करूक होयो. आणि देवळात गाऱ्हाणां घालूक होयां."

"गाऱ्हाणां घाला," मी म्हटलं, "पण आधी बघूया तरी काय झालां तां."

बघायला बाजारातल्या सायबर कॅफेत मंडळाचे आणखी तीन सभासद आमच्या आधीच पोचले होते. बातमी कशी पोचली ते विचारू नये. त्यांनी ते जुगाराचं पान इतक्या बारकाईने तपासलं, की एकाने "हंय दाबल्यार काय होता तां बघूक होयां" असं म्हणून चक्र फिरवायचीही तयारी दाखवली. मंडळाच्या हिशेबाला हे लोक कधीही इतके जमले नव्हते.

कॅफेचा मालक झेरॉक्स, टायपिंग आणि फोनचं बूथ सांभाळून कॉम्प्युटर चालवायचा. त्याने नोंदणीचा तपशील काढला. तो कोणालाही पाहता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

"गोंयकार नाय," तो म्हणाला. "कोणीच बळकावूक नाय. तुमीच सोडल्यात."

अध्यक्ष म्हणाले, "मंडळाचो ठराव आसा. एकमतान झालेलो. वेबसाइट आमची."

"वेबसाइटचां नाव भाड्याचां आसता, भाऊ. तुमच्या भाच्यान हंयच बसान तीन वर्षांसाठी घेतल्यान. मेअखेर मुदत संपली. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या मुंबईच्या ऑफिसाच्या ईमेलार गेल्यो. तो आता दुबईक. तां ऑफिसच नाय त्याच्याकडे."

मग मालकाने पुढचं सांगितलं. मुदत संपली की नाव लगेच कोणाला देत नाहीत. आधी पान बंद पडतं आणि महिनाभर तरी मूळ मालकाला ते नेहमीच्या दराने परत घेता येतं. मग आणखी महिनाभर, पण जास्त पैसे भरून. तेवढ्यातही कोणी आलं नाही, तर नाव मोकळं सुटतं, आणि मोकळ्या नावांवर टपून बसलेले धंदेवाले ते त्याच क्षणी उचलतात. आमचं नाव ऑगस्टात उचललं गेलं होतं. मेअखेर ते ऑगस्ट गावात पाहुणा नसतो. आम्ही कौलं शाकारत होतो आणि लावणी करत होतो. वेबसाइट बंद पडली तरी बघायला कोणाचं काही अडलं नव्हतं.

"पण आमच्या गावाच्या नावार जुगारवाल्याक काय मिळतलां?" मी विचारलं.

"तुमचो पत्तो चार पर्यटनाच्या वेबसाइटींवर दिलेलो आसा. लोकांनी जपून ठेवलेलो आसा. ते सगळे अजून थंयच येतत. शोधूक गेल्यार जुन्या पत्त्याक मान आसता. आयतां गिऱ्हाईक मिळता."

"पण पुण्याच्या बायनी आमचां पानच जपून ठेवल्यान होतां."

"पान नाय, ताई. फक्त पत्तो. पत्त्यार आज जो बसलो आसा, तोच दिसतलो."

हे ऐकल्यावर माझं डोकं लख्ख झालं. मसुऱ्याच्या जत्रेत आमच्या शेजारणीची खाज्याच्या मिठाईची जागा वर्षानुवर्षं एकाच फणसाखाली असायची. एका वर्षी तिने जागेचे पैसे भरले नाहीत. तिथे सोंगट्यांच्या जुगाराची पाटी लागली, आणि लोक सवयीने फणसाखालीच जात राहिले. खाज्याला गेलेले पुरुष रिकाम्या खिशाने परत आले आणि बायकांनी शेजारणीला बोल लावले. फणसाने कोणाला फसवलं नव्हतं आणि जुगारवाल्यानेही जागा चोरली नव्हती. जागा वर्षाची होती, पायांची सवय मात्र कायमची.

"मग आता परत मिळात?" अध्यक्षांनी विचारलं.

"तो विकत देयत, पण तो सांगतलो ती किंमत. तक्रार करूक येता, पण नावाची ट्रेडमार्क म्हणान वेगळी नोंदणी नसल्यार लांबतलां. नवीन नाव घेवा. दर वर्साची आठवण कोणी तरी ठेवा."

अध्यक्षांनी ही जबाबदारी घेण्यासाठी एक समिती नेमूया असं सुचवलं. मी समितीचं नाव पुन्हा काढू दिलं नाही. नवीन नाव पाच वर्षांसाठी तिथेच घ्यायला लावलं आणि सूचना माझ्या ईमेलवर यायची सोय केली. ज्या बाईला कौलं कधी शाकारायची ते आठवतं, तिला हेही आठवेल. त्या चार पर्यटनाच्या वेबसाइटींना जुना पत्ता काढा म्हणून मालकानेच कळवलं.

संध्याकाळी पुण्याला फोन केला आणि फणसाची गोष्ट सांगितली. बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही धंदा बदलला नाहीत, भाडं विसरलात."

"हो."

"मुख्याध्यापिका म्हणून तुम्हाला शिक्षा करावीशी वाटते. पण येऊ आम्ही. एकच अट. आम्ही गगनबावड्याच्या घाटाने उतरणार. तळेऱ्याच्या तिठ्यावर तुमचा मोठा फलक आहे, त्यावर तोच पत्ता आहे, तो आधी पुसा. वाटेत बारा जणींनी तो वाचला, तर मी कोणाकोणाला फणस सांगत बसू?"

त्या फलकाचा मला विसर पडला होता. अध्यक्षांना आठवण करून दिली, तर ते म्हणाले, "पेंटराक सांगतंय. आठ दिवसांत व्हयत."

दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या रंगाचा डबा, पांढऱ्याचा लहान डबा आणि दोन ब्रश पिशवीत घालून मी पहिल्या एसटीने तळेऱ्याला गेले. चहावाल्याची शिडी मागून घेतली, जुना पत्ता काळा केला आणि त्याच्या खाली माझ्या घरचा फोन नंबर लिहिला. चहावाला खालून बघत होता. म्हणाला, "वैनी, वेबसाइट बंद केलास?"

"नाय, नवीन आसा," मी म्हटलं. "पण फोनाचां बिल माझ्या दारात येता."