न केलेलं सेव्ह

शिरूरच्या एसटी डेपोजवळ माझा टायपिंगचा क्लास होता आणि त्यात एकच कॉम्प्युटर. दुपारी मुलं नसत, तेव्हा शेजारचे घड्याळ दुरुस्त करणारे चाचा येऊन बसत. रविवारच्या पेपरातलं बुद्धिबळाचं कोडं ते पाच मिनिटांत सोडवत. म्हणून मीच त्यांना एक गेम दाखवला. आपली सहा सैनिकांची तुकडी, आधी आपली पाळी, मग शत्रूची. प्रत्येकाला पाळीला ठरावीक गुण. चालण्यात संपवले तर गोळी झाडता येत नाही, राखून ठेवले तर शत्रूच्या पाळीत तो समोर दिसताच आपला माणूस आपोआप गोळी झाडतो.

"आन् मेला तर?"

"मेला. पुढच्या मोहिमेत नसतो."

"कोड्यात घोडा दिला तरी पुढच्या रविवारी परत मिळतो की, मास्तर!"

मग मी शब्द दिला, की दर पाळीआधी मी सेव्ह करीन. कुणी मेला की मागं जायचं. झालं, चाचा एकेका पाळीसाठी चार-चारदा मागं जाऊ लागले. एक मोहीम आठवडाभर चालली. मी कंटाळलो. यांची भीती आपणच मोडली पाहिजे, असंही मनाशी म्हणालो. आणि एका दुपारी सेव्ह केलंच नाही.

त्या पाळीत त्यांनी पहिल्या मोहिमेपासून जपलेली नेमबाज बाई कोठाराच्या दारात आणली. समोरच्या शत्रूवर नेम लागायची शक्यता नव्वद टक्के. चाचांच्या हिशेबी ती मातच होती. गोळी हुकली. बाईचे गुण संपले होते, अंगावर आडोसा नव्हता. शत्रूच्या पाळीत ती पडली.

"चला, मागं."

"सेव्ह झालंच न्हाई, चाचा. मशीन अडकलं असंल," मी म्हणालो.

त्यांनी उरलेल्या पाचांना भिंतीआड घेतलं, दोघांचे गुण राखले आणि मोहीम जिंकली. उठताना म्हणाले, "जमलं. पर ती असती तर बरं झालं असतं."

त्या वाक्यानं मला चार दिवस चैन पडू दिलं नाही. पाचव्या दिवशी त्यांच्या दुकानात गेलो आणि खरं सांगितलं. डोळ्यावरचं भिंग न काढता ते म्हणाले, "मशीनवर ढकलता व्हय? मला इचारलं असतं, तर कदाचित मीच न्हाई म्हणलो असतो सेव्हला."

दोन दुपारी ते आले नाहीत. तिसऱ्या दुपारी आले, मला खुर्चीवरून उठवलं.

"सेव्ह कुठलं बटण? दाखवा. आन् मग तुमी तिकडं लांब बसा."

मी बटण दाखवलं. मोहीम सुरू होण्याआधी त्यांनी ते एकदा दाबलं. नंतर त्या दुपारी तुकडीतली दोन माणसं गेली; त्यांनी बटणाला हात लावला नाही. मी लांब बसलो होतो.